मोड कोलॅप्स: डेटा वाढवून, इपॉक वाढवून का सुटत नाही

«मोड कोलॅप्स म्हणजे डेटा कमी पडणं. गॅन हा दोघांचा शून्य-बेरजेचा खेळ आहे, त्याला समतोल बिंदू आहे हे सिद्धच झालंय. पुरेसे इपॉक चालवा, लॉस स्थिर झाला की काम झालं.»

गॅनबद्दल असं बऱ्याचदा ऐकू येतं. गॅनमध्ये दोन नेटवर्क असतात: जनरेटर बनावट नमुने बनवतो आणि डिस्क्रिमिनेटर खरं कोणतं, बनावट कोणतं ते ओळखतो. जनरेटर विविधता सोडून मोजक्याच प्रकारचे नमुने देऊ लागला की तो मोड कोलॅप्स. वरचे दावे एकेक करून तपासू. आधी डेटाचं बघू. 2 त्रिज्येच्या वर्तुळावर समान अंतरावर आठ गॉशियन ठिपके ठेवा, प्रत्येकाचं प्रमाण विचलन 0.02. नमुने सूत्रातून येतात, म्हणजे हवे तेवढे ताजे मिळतात. डेटा कमी पडायचा प्रश्नच नाही. साधा गॅन इथेही कोसळतो. जनरेटर सगळे बिंदू एकाच ठिपक्यावर टाकतो, काही वेळाने तिथून उठून दुसऱ्यावर जातो, आणि हे चालूच राहतं.

असं का होतं, हे आकड्यांत दिसतं. समजा सगळे बनावट बिंदू तिसऱ्या ठिपक्यावर आहेत. तिथे खऱ्या डेटाचा वाटा 1/8, बनावटीचा 1. डिस्क्रिमिनेटर पुरता शिकला तर त्याचं उत्तर D, म्हणजे बिंदू खरा असण्याची शक्यता, अशी येते:

```
D = (1/8) / (1/8 + 1) = 1/9
```

बाकी सात ठिपक्यांवर मात्र D जवळजवळ 1, कारण तिथे बनावट काहीच येत नाही. आता जनरेटरने काय करावं? त्याचा लॉस प्रत्येक बिंदूला सुटासुटा तपासतो, «तुम्ही सगळे एकाच जागी का?» हा प्रश्न त्यात कुठेच नाही. सगळे बिंदू शेजारी-शेजारी असल्यामुळे त्यांना मिळणारा ग्रेडियंटही जवळपास एकाच दिशेचा, आणि म्हणून अख्खा जथा एकत्र सरकतो. तो चौथ्या ठिपक्यावर पोचला की डिस्क्रिमिनेटर चौथ्याला संशयित ठरवतो आणि तिसऱ्याला माफ करतो. पुन्हा पळापळ.

आता समतोलाची सिद्धता. ती गॅनच्या 2014 च्या मूळ निबंधात आहे आणि बरोबर आहे, पण तिच्या अटी लोक वाचत नाहीत. दर पावलाला डिस्क्रिमिनेटर आपल्या सर्वोत्तम उत्तरापर्यंत पोचलेला हवा, आणि बदल थेट वितरणात व्हायला हवा, नेटवर्कच्या वजनांत नव्हे. सूत्र सांगतं min G, max D, म्हणजे आधी डिस्क्रिमिनेटरची पूर्ण खेळी आणि मग जनरेटरची. कोडमध्ये दोघे एकेक पाऊल टाकतात आणि तो क्रम हरवतो. डिस्क्रिमिनेटर गोठलेला धरला, तर जनरेटरचं सर्वोत्तम उत्तर एकच: D सगळ्यात मोठा असेल त्या बिंदूवर सगळं ओतणं. शिवाय प्रत्यक्षात जनरेटर बहुधा log D वाढवतो (सुचवणी त्याच निबंधातली), त्यामुळे खेळ काटेकोर शून्य-बेरजेचाही उरत नाही.

इपॉक वाढवून समतोल येतो का? xy हा सगळ्यात साधा खेळ घ्या: एकाला तो लहान करायचाय, दुसऱ्याला मोठा, समतोल (0, 0) वर.

```
x, y = x - 0.1*y, y + 0.1*x
```

केंद्रापासूनचं अंतर दर पावलाला √1.01 पट होतं. (1, 0) पासून 100 पावलांनंतर ते सुमारे 1.64 होतं, म्हणजे आपण समतोलापासून लांबच गेलो. आळीपाळीने अपडेट केलं तर अंतर असं वाढत जात नाही, पण बिंदू केंद्राभोवती फिरतच राहतो. खरा गॅन याहून गुंतागुंतीचा असतो, पण «थांबा, येईल समतोल» या भरवशाला इतका छोटा खेळही पुरून उरतो.

लॉसचं तर विचारूच नका. आदर्श समतोलात डिस्क्रिमिनेटरचा लॉस 2 log 2, म्हणजे 1.386 असतो. काहीच न शिकलेला, सगळीकडे 0.5 सांगणारा डिस्क्रिमिनेटरही नेमका हाच आकडा दाखवतो. वर्तुळावर तपासायचं तर 2,500 बिंदू काढा, प्रत्येकाला जवळच्या केंद्राशी जोडा, तीन विचलनांच्या आत किती पडले ते मोजा आणि आठांपैकी किती केंद्रांना वाटा मिळाला ते बघा. चित्रांमध्ये वेगवेगळ्या नॉइजची 64 चित्रं एकत्र मांडली की ठसठशीत कोलॅप्स लगेच नजरेत भरतो. अर्धवट कोलॅप्स मात्र अशा मांडणीत नजरेतून निसटूही शकतो.

उपाय खेळाच्या नियमात आहे. एकेक उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला कॉपी सापडत नाही, दोन शेजारी ठेवल्या की सापडते. पॅकगॅन हेच करतं: डिस्क्रिमिनेटरला एका वेळी दोन किंवा अधिक नमुने जोडून देतं. खऱ्या जोड्यांपैकी 1/8 मध्येच दोन्ही बिंदू एका ठिपक्यावर असतात, कोसळलेल्या जनरेटरच्या मात्र सगळ्याच. त्यामुळे «जवळ-जवळ असणं» हाच पुरावा होतो, आणि ठिपका बदलून तो लपत नाही. कोडमध्ये बदल थोडाच: डिस्क्रिमिनेटरचा पहिला थर रुंद करायचा.

अनरोल्ड गॅनमध्ये जनरेटर डिस्क्रिमिनेटरची पुढची काही पावलं आधीच गृहीत धरून ग्रेडियंट काढतो, म्हणजे तिसऱ्यावरून चौथ्यावर उडी मारण्यातला फोलपणा त्याला आधीच दिसतो. पण दर पावलाचा खर्च त्या पावलांच्या संख्येने वाढतो, म्हणून मोठ्या चित्रांसाठी आधी पॅकिंग करून बघणं परवडतं.