रात्री पावणेबाराला ‘सर, झोपलात का?’

रात्री पावणेबाराला ‘सर, झोपलात का?’ असा मेसेज टाकणाऱ्या माणसाला नेमकं काय उत्तर अपेक्षित असतं, हे मला कोणीतरी सांगा. झोपलो असलो तर उत्तर येणार नाही. जागा असलो तर आता झोप गेलीच. आणि या प्रश्नामागून काय येणार, ते मला पाठ आहे. आधी तीन मिनिटांची व्हॉइस नोट, मग पेपरच्या पानाचा तिरपा फोटो, आणि शेवटी तो सगळ्यात संतापजनक मेसेज: ‘घाई नाही, सकाळी बघा.’ अरे मग सकाळी टाक की!

मी लातूरला एका खाजगी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. हे महाशय फिजिक्सचे, वयाने माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, आणि दर रविवारच्या टेस्टचा पेपर जुळवायचं काम त्यांच्याकडे. बॉस नाहीत. हुद्दा सारखाच, पगार थोडाफार इकडंतिकडं. नीटच्या धर्तीवर 180 प्रश्न, त्यातले 46 ते 90 माझे. चुकीला चार मार्कांची ठिणगी पडते, पालक सोमवारी दारात उभे राहतात, म्हणून पेपर बारकाईनं बघणं हे योग्यच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गुरुवारी मध्यरात्री ‘68 ला दोन पर्याय बरोबर वाटायलेत’ असं कळवून करायचं काय? पेपर टाईप करणारा मुलगा सकाळी दहाला येतो. दुरुस्ती त्याच्या कॉम्प्युटरवर होते. छपाईला फाईल शनिवारी दुपारी जाते, आणि पेपर रविवारी दोन ते पाच. मी बारा वाजता उठून, चष्मा शोधून, 68 चं उत्तर धाडलं तरी तो प्रश्न शुक्रवारी दहाच्या आधी एका अक्षरानं बदलणार नाही. म्हणजे माझी झोप मोडून कामाला एक मिनिटसुद्धा वाचत नाही.

मग टाकतात कशाला? लै दिवस मला वाटायचं की माणूस कामसू आहे, डोक्यात आलं की राहवत नसेल. तेही थोडं खरं असेल. पण खरी गोम सोमवारच्या मीटिंगमध्ये कळते. काही चुकलं की एकच वाक्य: ‘मी तर रात्रीच टाकलं होतं.’ मोबाईल पुढं करून वेळ दाखवतात, 11:47. मेसेज टाकला की यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि माझ्या उशाशी येऊन बसलं. यांना शांत झोप लागते, आणि मी छताकडं बघत 68 नंबरच्या प्रश्नात दुसरा पर्याय कसा काय बरोबर ठरतो याचा विचार करतो.

‘मग फोन बंद ठेवायचा ना!’ असं सांगणारे शहाणे मला फार भेटले. त्यांच्या घरी शेत नसावं. माझे वडील औसा तालुक्यातल्या गावी राहतात. शेतीची थ्री फेज लाईट आळीपाळीनं काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की सत्तरीतला माणूस हातात बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जातो, एकटा दारं धरतो. विंचूकाटा, साप, स्टार्टरच्या पेटीत उतरलेला करंट, सगळं तिथंच. त्या घरातला पोरगा रात्री फोन बंद ठेवू शकत नाही. आणि म्हणूनच पावणेबाराला ‘टिंग’ वाजलं की माझ्या पोटात गोळा येतो. हात लांबवून बघावं तर काय, तर फिजिक्सवाले सर विचारायलेत, झोपलात का.

तर आधी फोनचा बंदोबस्त केला. अँड्रॉइडमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ असतं, त्याला वेळ लावून ठेवता येते. त्यातच कोणाचे कॉल येऊ द्यायचे ते निवडता येतं. घरच्यांचे आणि गावातल्या शेजाऱ्याचे नंबर स्टार करून ठेवले, तेवढेच वाजतात. शिवाय ‘रिपीट कॉलर’ चालू ठेवलं, म्हणजे एकाच नंबरावरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर तोही वाजतो. रात्र शांत झाली. पण सोमवार तसाच राहिला! कारण मी फोन गप्प केलेला त्यांना दिसत नाही. त्यांच्या हिशेबी मेसेज पोचला, टिकल्या दोन झाल्या, जबाबदारी माझी. तेव्हा तोंडानं सांगणं भाग होतं. आपल्याकडं मोठ्या माणसाला असं सांगणं म्हणजे किती जड, ते इकडचाच माणूस जाणे. ‘लै शिष्ट झाला बघा’ हा शिक्का एकदा बसला की निघत नाही.

स्टाफरूममध्ये सल्ला मागितला तर एकानं सांगितलं, लिहा की घरचे ओरडतात. कारण सांगितलं की समोरचा ते कारणच सोडवायला बसतो, एवढंही कळत नाही का? ‘बरं बरं, मग वहिनी झोपल्यावर टाकतो’ म्हणतील! दुसऱ्यानं मसुदा करून दिला, ‘सर माफ करा, राग मानू नका, छोट्या तोंडी मोठा घास, पण जमलं तर थोडं लवकर मेसेज केलात तर बरं होईल.’ यात आहे काय? माफी कशाची? ‘थोडं लवकर’ म्हणजे त्यांच्या मते सव्वाअकरा. आणि ‘जमलं तर’ म्हटलं की त्यांना जमणारच नाही, हे ठरलेलं. तिसरा म्हणाला, ग्रुपवर टाका, ‘काही जणांना वेळेचं भान नसतं’. म्हणजे चारचौघांत टोमणा मारून आयुष्यभराचं वैर घ्यायचं, आणि ज्याला लागायला पाहिजे तो नेमका अंगठा दाखवून मोकळा होणार.

शेवटी मी लिहिलं ते असं. रात्री चिडलेल्या डोक्यानं लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या चहानंतर, फक्त त्यांना:

‘सर, एक विनंती आहे. रात्री 9 ते सकाळी 8 या वेळात मी कामाचे मेसेज बघत नाही. तुम्ही तेव्हा टाकलेलं मी सकाळी 8 ला वाचून 10 च्या आत उत्तर देत जाईन, तेव्हा ते मला सकाळी मिळालं असं धरावं. छपाई थांबवण्यासारखं काही असेल तर मेसेज न टाकता फोन करा, लागला नाही तर लगेच दुसऱ्यांदा करा, कितीही वाजलेले असोत, मी उचलेन. केमिस्ट्रीच्या दुरुस्त्या शुक्रवारी सकाळी एकत्र दिल्यात तर टाईप करणाऱ्याकडून मी स्वतः करून घेतो.’

वाचायला साधं आहे, पण एकेक शब्दावर डोकं खपवलंय. ‘टाकू नका’ असं कुठंही म्हटलेलं नाही. त्यांनी काय करावं ते मी ठरवत बसलो तर भांडण होणार. मी काय करणार, एवढंच सांगितलं, आणि ते पाळणं माझ्या हातात आहे. ‘सकाळी मिळालं असं धरावं’ हे वाक्य थेट सोमवारसाठी आहे, मोबाईल पुढं करायची ती खोडच त्यानं मोडते. आणि फोनची वाट उघडी ठेवली ती चांगुलपणानं नाही, पूर्ण विचार करून. मेसेज टाकायला लाज लागत नाही. रात्री बाराला फोन लावायचा तर आधी मनाशी ठरवावं लागतं की हे खरंच एवढं मोठं आहे का. त्या दिवसापासून मध्यरात्री एकही फोन आलेला नाही. म्हणजे इतके महिने जे ‘अर्जंट’ म्हणून येत होतं, त्यातलं अर्जंट किती होतं ते बघा!

उत्तर आलं, ‘ठीक आहे सर’, हात जोडलेले. काही दिवस सुखाचे गेले आणि मग परत, अकरा वीसला, ‘सर हे उद्या बघा, विसरेन म्हणून टाकतो.’ विसराल? मग स्वतःच्याच नंबरावर टाकून ठेवा की, व्हॉट्सअ‍ॅपवर ती सोय आहे, सकाळी तिथून पुढं ढकला. तुमच्या विसरण्याची वही म्हणजे माझी उशी आहे का? तिथंच खरी परीक्षा असते. त्या वेळी चुकून ‘हो सर’ एवढं जरी टाकलं असतं, तरी अकराच्या चहानंतरचं ते सगळं मुसळ केरात. मी आठला वाचलं, सव्वानऊला उत्तर दिलं, आणि रात्रीबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुढच्या मीटिंगला ‘मी रात्रीच...’ सुरू झालं, तेव्हा म्हटलं, ‘हो सर, सकाळी वाचलं, दहाच्या आधी दुरुस्त केलं.’ पुढं कोणी काही बोललं नाही.

कुणी म्हणेल, कायदा पाहिजे. सुप्रिया सुळेंनी 2018 मध्ये लोकसभेत असं खाजगी विधेयक मांडलं होतं, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून. होऊ द्या आपल्याकडंही, माझी ना नाही. पण असे कायदे मालकासमोर उभे राहतात. शेजारच्या टेबलावरच्या, त्याच टपरीवर चहा पिणाऱ्या सरांना कोणतं कलम लावणार?

आणि आता नवीनच सुरू झालंय. परवा स्टाफरूममध्ये म्हणाले, ‘काय सर, रात्री साडेदहाला ऑनलाइन दिसलात की, मग मेसेज का नाही बघितला?’ चार लोकांसमोर, हसत हसत. म्हणजे हे गृहस्थ रात्री माझ्या नावाखाली ऑनलाइन कधी येतं त्याची राखण करत बसतात! त्याच संध्याकाळी सेटिंगमध्ये जाऊन ‘लास्ट सीन’ आणि ‘ऑनलाइन’ दोन्ही झाकून टाकलं. पण त्यांना तिथल्या तिथं सांगितलंच. हो सर, होतो ऑनलाइन. मामाच्या पोराच्या हळदीचे फोटो बघत होतो. उद्या लग्नाचे येणारेत, तेही बघणार.