फोर्टनाइटची प्रगती पुसली जात नाही, ती दुसऱ्या लॉगिनमागे असते

«मुलाचं फोर्टनाइटचं खातं प्लेस्टेशनला जोडल्यावर डबल झालं तर समजा जुनी प्रोग्रेस पुसली गेली. ज्या लॉगिनला मुलाचं नाव दिसतं तेच खरं खातं. पटकन पीएसएन अनलिंक करून परत लिंक करा, दोन्ही खाती एक होतात. जे रिकामं राहील ते डिलीट करून टाका. सगळ्या पालकांना पाठवा.»

हा संदेश दिवाळीनंतर इंदूरमधल्या आमच्या नातेवाइकांच्या गटात आला आणि रामबागेत राहणाऱ्या माझ्या ताईने तो वाचून माझ्या भाच्याचा कन्सोल हाती घेतला. सुदैवाने तिने आधी मला फोन केला. संदेशातल्या चारही विधानांमुळे नुकसान होऊ शकते आणि त्यांतले तिसरे तर कायमचे नुकसान करू शकते, म्हणून प्रत्येकाला वेगळे उत्तर देतो.

पहिल्या विधानाचे उत्तर फोर्टनाइट प्रगती कुठे ठेवते यात आहे. पोशाख, कुदळी, नाचाचे प्रकार, व्ही-बक्स हे खेळातले चलन, यांतले काहीही कन्सोलच्या डिस्कवर नसते. ते हा खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीच्या सर्व्हरवर एका एपिक खात्याच्या नावे नोंदलेले असते. ईमेल व पासवर्ड, गूगलचे बटण, पीएसएन म्हणजे प्लेस्टेशनचे स्वतःचे ऑनलाइन खाते, ही त्या खात्यात शिरण्याची निरनिराळी दारे आहेत. कन्सोलवर खेळ प्रथम सुरू होतो तेव्हा तो त्या वेळी चालू असलेल्या पीएसएन प्रोफाइलला कोणते एपिक खाते जोडलेले आहे हे पाहतो. जोडलेले नसेल तर जुने खाते जोडण्याचा पर्याय समोर येतो, आणि खेळण्याच्या घाईत तो ओलांडून पुढे गेले की त्या पीएसएनसाठी एक कोरे एपिक खाते नव्याने तयार होते. भाच्याच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. तो 2021 पासून संगणकावर गूगलच्या बटणाने खेळत होता. दिवाळीत प्लेस्टेशन आला, त्याने नवे पीएसएन प्रोफाइल उघडले, जोडणीचा प्रश्न ओलांडला आणि पोशाख वगैरे ठेवण्याचा लॉकर रिकामा पाहून रडकुंडीला आला. जुन्या खात्याला या सगळ्याचा स्पर्शही झालेला नव्हता. नव्या खात्याने जुन्याची जागा घेतलेली नसते, ते शेजारी उभे राहिलेले असते, आणि कन्सोल त्या नव्याकडे बोट दाखवत असतो.

आता नावाविषयी. पडद्यावर दिसणारे नाव हा पुरावा नाही, कारण प्लेस्टेशनवर खेळताना खेळाडूचे पीएसएनचे नाव दिसते आणि संगणकावर एपिकचे. भाच्याने दोन्हीकडे जवळपास सारखेच नाव घेतले होते, शेवटी एक आकडा तेवढा वेगळा. त्यामुळे ताईची खात्री पटली होती की खाते एकच आहे आणि आतला माल गेला आहे. पीएसएनला आणि एपिकला ईमेल एकच दिला होता, म्हणून खातेही एकच, हा समजही याच जातीचा. पीएसएनला दिलेला ईमेल पीएसएनचे खाते ओळखतो. एपिकचे खाते त्याने आपोआप ठरत नाही.

खाते ओळखण्याची खात्रीची खूण म्हणजे त्याचा आयडी. प्रत्येक एपिक खात्याला आकडे आणि इंग्रजी अक्षरे मिळून 32 चिन्हांचा एक आयडी असतो, आणि नाव किंवा ईमेल बदलला तरी तो बदलत नाही. तो epicgames.com/account या पानावर वैयक्तिक माहितीजवळ दिसतो. म्हणून ताईला मी कन्सोल बाजूला ठेवायला सांगितले आणि लॅपटॉपवर ब्राउझरची खासगी विंडो उघडायला लावली. खासगी विंडो अशासाठी की नेहमीच्या विंडोत आधीचे लॉगिन चालू असते आणि कोणत्याही बटणावरून आत गेले तरी आपण त्याच खात्यात पोहोचलो की काय हे कळत नाही. त्यात आणखी एक सावधगिरी लागते: पीएसएनचे बटण दाबल्यावर पीएसएनमध्ये जो कोणी शिरेल त्याचेच एपिक खाते उघडते, तेव्हा घरात दोन प्रोफाइल असतील तर कन्सोलवर मुलगा नेमक्या कोणत्या प्रोफाइलने खेळतो हे आधी पाहून ठेवावे.

मग आम्ही एकेक दार उघडून पाहिले. गूगलच्या बटणाने आत गेल्यावर जो आयडी दिसला त्याचा शेवट `4b7c` असा होता. बाहेर पडून, ती विंडो बंद करून, दुसऱ्या खासगी विंडोत पीएसएनच्या बटणाने गेल्यावर शेवट `e190` दिसला. म्हणजे खाती दोन आहेत हे सिद्ध झाले. दोन्हीकडे एकच आयडी आला असता तर अडचण खात्याची नव्हती असे समजून दुसरीकडे शोधावे लागले असते. ताईच्या स्वतःच्या ईमेलवर कोणतेही खाते निघाले नाही. ज्यांना जुना ईमेलच आठवत नाही त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या ईमेलमध्ये एपिककडून आलेली जुनी पत्रे शोधावीत. ॲपलच्या बटणाने खाते उघडताना ईमेल लपवण्याचा पर्याय घेतला असेल, तर एपिककडे `privaterelay.appleid.com` या शेवटाचा पत्ता नोंदलेला असतो आणि स्वतःचा ईमेल कितीदा टाकला तरी ते खाते सापडत नाही. तिथे ॲपलच्याच बटणाने जावे लागते.

दोनांपैकी प्रगती कशात आहे हे ठरवताना भाच्याने पहिल्यांदा पातळी पाहिली आणि तो पुन्हा खचला, कारण संगणकावरच्या जुन्या खात्यातही पातळी तीनच दिसत होती. त्याचे कारण साधे होते: त्याच आठवड्यात नवा सीझन सुरू झाला होता आणि सीझनची पातळी प्रत्येक सीझनला नव्याने सुरू होते. पातळीवरून खाते ओळखू नये. लॉकर पाहावा. सीझन बदलला तरी पोशाख तिथेच राहतात, आणि गूगलच्या खात्यातल्या लॉकरमध्ये भाच्याचे चार वर्षांचे पोशाख जसेच्या तसे होते.

तिसऱ्या विधानाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. दोन एपिक खाती एकत्र करण्याची सोय एपिकने एके काळी खरोखर दिली होती, पण ती 6 मे 2019 रोजी बंद झाली. मला वाटते, या संदेशाचे मूळ त्या दिवसांतल्या सूचनांत आहे. आज पीएसएन काढून पुन्हा जोडल्याने फक्त दार एका खात्यावरून दुसऱ्यावर जाते. आतली एकही वस्तू जागची हलत नाही. आणि घाईने काढण्यात खरा धोका असा की कन्सोलवर तयार झालेल्या कोऱ्या खात्याला बहुधा ईमेल नसतो, पासवर्ड नसतो, पीएसएन हेच त्याचे एकमेव दार असते. ते दार दुसऱ्या खात्याला लावले की मागे राहिलेल्या खात्यात परत शिरायला काही उरत नाही.

भाच्याच्या त्या खात्यात तर राहिलेलेही काही होते. दिवाळीला मामाकडून आलेल्या पैशांतून त्याने प्लेस्टेशन स्टोअरवरून व्ही-बक्सचा एक पॅक घेतला होता. एपिकच्या खरेदी-इतिहासात पाहून आम्हाला वाटले की तिथे काहीच घेतलेले नाही, पण कन्सोलच्या दुकानातून केलेल्या खरेदीची पावती पीएसएनच्या व्यवहारांच्या यादीत असते आणि तिथे ती निघाली. म्हणून एपिकच्या यादीत काही नाही एवढ्यावरून खाते रिकामे ठरवू नये. दोन्ही याद्या पाहाव्यात. हे व्ही-बक्स जुन्या खात्यात हलवता येत नाहीत, आणि खात्यात पोहोचलेल्या अशा खरेदीचे पैसे प्लेस्टेशनच्या नियमांप्रमाणे परतही मिळत नाहीत. भाच्याला हे सांगणे मला जड गेले.

पीएसएन जुन्या खात्याला लावायचेच असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आम्ही आधी पीएसएनच्या बटणाने नव्या, म्हणजे `e190` या खात्यात शिरलो आणि त्याला एक ईमेल व पासवर्ड दिला. एका ईमेलवर एकच एपिक खाते राहू शकते, त्यामुळे भाच्याचा जीमेल तिथे चालला नसता, ताईचा दिला. त्या पत्त्यावर आलेल्या कोडने तो पडताळून घेतला, बाहेर पडून त्याच ईमेलने पुन्हा आत जाता येते हे करून पाहिले, आणि त्यानंतरच `Connections` या पानावरच्या `Accounts` यादीतून पीएसएन काढले. मग गूगलच्या बटणाने `4b7c` मध्ये जाऊन त्याच यादीतून पीएसएन जोडले. जोडण्यापूर्वी समोर दिसणारे पीएसएनचे नाव भाच्याचेच आहे ना, हे दोघांनी वाचून पाहिले. एका एपिक खात्याला एकदा एक पीएसएन जोडले गेले की नंतर दुसरे पीएसएन जोडू देण्यास एपिक नकार देते, आणि धाकट्या भावाचे प्रोफाइल चुकून जोडले असते तर थोरल्याची वाट तिथेच अडली असती.

चौथ्या विधानाला उत्तर थोडक्यात देता येते. रिकामे वाटणारे खाते डिलीट करण्याची कोणतीही गरज नसते, त्याने दुसऱ्या खात्यात काही भर पडत नाही, आणि कोणते रिकामे याची खात्री वर सांगितल्याप्रमाणे आयडी, लॉकर आणि दोन्ही खरेदी-याद्यांवरून झालेली नसेल तर चुकीचे खाते जाण्याचा धोका असतो.

हे सारे फोर्टनाइटसारख्या सर्व्हरवर प्रगती ठेवणाऱ्या खेळाला लागू आहे. माइनक्राफ्टमध्ये प्लेस्टेशनवर बांधलेली जगे त्या कन्सोलवर साठवलेली असतात, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे लॉगिन कितीही बदलून पाहिले तरी संगणकावरचे जग तिथे दिसणार नाही. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये एकाच खात्याची प्रत्येक सर्व्हरवर वेगळी प्रगती असते, त्यामुळे तिथे दुसरे खाते शोधण्याआधी लॉगिनच्या पडद्यावर निवडलेला सर्व्हर पाहावा.

जोडणी झाल्यावर भाच्याने कन्सोलवर फोर्टनाइट पूर्ण बंद करून पुन्हा उघडले. लॉकर भरलेला होता. ताईने `e190` खात्याचा ईमेल आणि पूर्ण आयडी कन्सोलच्या खोक्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवला आहे, आणि त्या खात्यातले व्ही-बक्स आता धाकटा भाचा लॅपटॉपवर खेळताना वापरतो.