शामरावांची काळी छत्री

उतारा मीच लिहिला होता. त्यामुळे त्यात काय आहे यापेक्षा काय नाही, हे मला जास्त पक्कं ठाऊक होतं.

नववीच्या चाचणीसाठी अपठित उतारा हवा होता. गाईडमधला उचलावा तर तोच गाईड पोरांच्या दप्तरात. म्हणून रविवारी रात्री लाईन गेलेली असताना मोबाईलच्या उजेडात मी सात वाक्यं खरडली:

"शामराव सकाळी सात वाजता घरून निघाले. त्यांच्या हातात काळी छत्री होती. वाटेत नाल्याला पाणी होते, म्हणून ते लांबच्या पुलावरून फिरून गेले. ते स्टॉपवर पोचले तेव्हा बस निघून गेली होती. ते कडुनिंबाखाली बसले व त्यांनी डबा उघडला. डब्यात भाकर आणि ठेचा होता. दुसरी बस नऊ वाजता आली."

प्रश्न एकच: शामरावांची पहिली बस का चुकली? गुण दोन. उत्तरासाठी चार ओळी मोकळ्या. मला वाटलं, पंधरा मिनिटांत गठ्ठा तपासून होईल आणि मी जेवायला बसेन.

पहिलाच पेपर गजूचा. "काळी छत्री हे शामरावांच्या जीवनातील निराशेचे प्रतीक आहे. मनाने खचल्यामुळे त्यांची पावले जड झाली व बस चुकली." मी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या पेपरात शामराव कर्जबाजारी शेतकरी होऊन बँकेत निघाले होते. आता शामराव शेतकरी आहेत हे सांगितलं कोणी? मी तर मनातल्या मनात त्यांना पोस्टात चिकटवलं होतं. तिसऱ्या पेपरात निघून गेलेली बस म्हणजे आयुष्यात निसटलेली संधी होती. चौथ्यात पूल हा जुन्या आणि नव्या पिढीला जोडत होता, आणि जुनी पिढी चालायला हळू असल्याने उशीर झाला. एका पोरीने तर कडुनिंबावरून थेट "झाडे लावा, झाडे जगवा" गाठलं. तिथे बस राहिली बाजूलाच.

वर्गात 41 पोरं. नाल्याचा साधा उल्लेख होता नऊ पेपरांत. त्यातला एक पवनचा. हा बकऱ्यांमागे जाणारा पोरगा, शाळेत पाहुण्यासारखा येतो. त्याचं उत्तर तीन शब्दांचं: "नाल्याले पूर होता." पूर त्याने स्वतःच्या पदरचा आणला होता, तरी मी दीड गुण दिला. पाणी तरी त्याच नाल्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले आणि गजूला उभं केलं. "बापू, शामराव निराश आहेत हे उताऱ्यात कुठे लिहिलंय? बोट ठेव."

ही बोट ठेवायची युक्ती माझी जुनी आहे. उत्तर ज्या वाक्यातून आलं त्या वाक्यावर बोट ठेवायचं, नाही ठेवता आलं तर उत्तर खोडायचं. गजूने क्षणाचाही वेळ न घेता बोट ठेवलं. "हे पाहा ना सर. काळी."

युक्ती तिथेच मेली. शब्द उताऱ्यातलाच होता. निराशा तेवढी गजूने बाहेरून आणून त्याला बांधली होती. मग कर्जवाला पकडला. त्याचंही बोट तयार. "सर, भाकर-ठेचा. म्हंजे गरीब. गरीब म्हंजे कर्ज." मी म्हटलं, "अरे, माझ्या आजच्या डब्यात भाकर-ठेचाच आहे." वर्ग एकदम गप्प झाला आणि माझ्याकडे अशा करुणेने पाहू लागला की मला माझ्या पगाराची शंका आली.

आमचा गाव दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, जमीन काळी, पऱ्हाटी आणि तूर पावसाच्या भरवशावर. इथल्या पोराने पुस्तकात, भाषणात, निबंधात आजवर जो जो शेतकरी पाहिला, तो कर्जातच पाहिला. धोतर, भाकर असा एखादा शब्द दिसला की त्याच्या डोक्यात ती आख्खी गोष्ट सुरू होते, आणि डोळे ओळींवरून फिरत असले तरी पोरगा त्या गोष्टीच्या मागे गेलेला असतो. पुढची वाक्यं तो वाचतो ती तिच्याशी जुळवून घेत. नाल्याचं वाक्य त्यात बसत नव्हतं, म्हणून ते त्याला दिसलंच नाही. यात आळस नाही, उलट पोरगा फार कामाला लागलेला असतो. फक्त काम दुसऱ्याच वावरात चालू असतं.

पण गजूचं काय? त्याला मी मधल्या सुट्टीत विचारलं. म्हटलं, खरं सांग, तुला नाला दिसला नाही?

"दिसला ना सर. पण म्हटलं, दोन मार्काले इतलुसं उत्तर कसं राहीन? चार लाइनी सोडल्या होत्या तुमी."

आणि त्याने दप्तरातून मागच्या चाचणीचा पेपर काढला. तिथे त्याने एका ओळीचं बरोबर उत्तर लिहिलं होतं आणि शेजारी लाल शाईत, ठसठशीत, माझ्याच अक्षरात शेरा होता: "सविस्तर लिहा."

यावर मी त्याला पाणी आणायला पाठवलं.

एकटा बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट आठवली. मागचा आख्खा महिना मी या वर्गाला कवितेचं रसग्रहण शिकवत होतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, सगळं फळ्यावर. संध्याकाळ म्हणजे आयुष्याची संध्याकाळ, वाट म्हणजे जीवनाची वाट, दिवा म्हणजे आशा. जो पोरगा एक अर्थ जास्त काढेल त्याला अर्धा गुण जास्त. मीच त्यांच्या हातात कुदळ दिली होती आणि आता, शामरावांचं अंगण काहून खोदलं म्हणून मीच ओरडत होतो. त्यात कृतिपत्रिकेची रचना अशी की त्याच उताऱ्याखाली आधी आकलन येतं आणि लगेच स्वमत. एकात उतारा काय म्हणतो ते लिहायचं, दुसऱ्यात तू काय म्हणतोस ते. मोठ्या माणसांना हा फरक पंचायतीच्या सभेत पाळता येत नाही, तो नववीच्या पोराने दोन प्रश्नांच्या मधल्या रिकाम्या ओळीत पाळायचा.

मग पुढच्या तासाला बोट सोडलं आणि दुसरं काढलं. फळ्यावर उतारा लिहिला आणि म्हटलं, एक एक वस्तू बदलून पाहू. छत्री लाल करा. बस चुकते?

"चुकते."

डब्यात पोळी आणि श्रीखंड भरा.

"चुकते सर. पण जेवण चांगलं होते."

कडुनिंबाच्या जागी बाभूळ?

"काटे रुततीन. बस चुकतेच."

आता नाल्याचं पाणी पुसून टाका.

वर्ग थांबला. मग मागच्या बाकावरून पवन म्हणाला, "मंग तो सिदा जाईन ना. बस भेटून जाईन."

मला इतका आनंद झाला की खडू मोडला. जी वस्तू बदलली तरी बाकीच्या गोष्टीला काही फरक पडत नाही, तिच्यात आपण कोंबलेला अर्थ आपलाच. जी काढली की पुढचं वाक्य कोसळतं, उत्तर तिच्याजवळ. गजूने छत्री लाल, निळी, फुलाफुलांची करून पाहिली आणि अखेर शामरावांची निराशा मागे घेतली.

सोनल मात्र सहजी सोडणारी नाही. "मंग कवितेतला अंधार तुमी खरा काहून धरला होता?" प्रश्न रास्त होता. म्हटलं, तिथेही बदलून पाहा. त्या कवितेत अंधार पहिल्या कडव्यात येतो, मग विझलेली चूल येते, मग न परतलेला माणूस. तिन्ही एकमेकांना ओढून धरतात. अंधाराच्या जागी दुपार घातली की बाकीची दोन उघडी पडतात. शामरावांच्या छत्रीला उताऱ्यात कोणीच नातेवाईक नाही. ती बिचारी दुसऱ्या वाक्यात आली आणि पुन्हा कोणी तिचं नावही काढलं नाही.

सोनल खाली बसली, आणि मी फळा पुसायला वळलो तोच परत उभी. "पण सर, नाल्यानं बस चुकली हे तरी कुठी लिवलं हाये? फिरून गेले, लिवलं हाये. बस गेली होती, लिवलं हाये. उशीर झाला, हे तर तुमीच लावलं."

मी उतारा वाचला. परत वाचला. पोरगी बरोबर होती. "उशीर" हा शब्द आख्ख्या उताऱ्यात नव्हता. बस वेळेआधी सुटली असण्यालाही मी लिहिलेल्या सात वाक्यांत मनाई नव्हती.

"यष्टी? टायमाच्या आंधी?" पवन म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला. मी त्याचाच आधार घेतला. म्हटलं, दोन वाक्यांच्या मधे खड्डा असतो. तो न भरता पुढे जाताच येत नाही, म्हणून वाचणारा आपल्याजवळची मूठभर माती टाकतो, आणि ती आपल्या रोजच्या पाहण्यातली असते. यष्टी आधी सुटत नाही ही तशी माती. पण छत्रीपाशी खड्डाच नव्हता, तिथे तुम्ही ढिगारा उभा केला. सोनलने मान हलवली. पूर्ण पटलं असं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर सीमा नेमकी कुठे आखायची हे मलाही दर उताऱ्याला नव्याने ठरवावं लागतं.

आठवड्याने त्याच उताऱ्यावर दुसरा प्रश्न दिला: शामरावांनी डबा का उघडला? 41 पैकी 30 उत्तरं एकसारखी. "उताऱ्यात दिलेले नाही."

"अरे, भूक लागली असेल त्या माणसाला!"

"सर," गजू शांतपणे म्हणाला, "बोट कुठी ठेवू?"

त्या दिवशी पेपरांचा गठ्ठा आवरता आवरता उशीर झाला आणि माझी पाचची बस गेली. पुढची साडेसहाला. आभाळ भरून आलं होतं, म्हणून छत्री आणली होती. काळीच आहे, दुसऱ्या रंगाची आमच्या बाजारात मिळत नाही. दुपारचा डबा तसाच राहिला होता, तो स्टॉपवरच्या कडुनिंबाखाली बसून उघडला. तेवढ्यात गजूचे बाबा सायकलवरून उतरले. आधी छत्रीकडे पाहिलं, मग भाकरीकडे, मग माझ्याकडे.

"काय गुरजी, घरी सगळं बराबर हाये ना?"

"हो. बस गेली माझी."

"हौ, ते तं दिसते." ते सायकल झाडाला लावून शेजारी टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पण खरं काय झालं, सांगा."