वस्तीवरच्या घरासाठी सोलर: इन्व्हर्टर नको, बारा व्होल्टची पेटी हवी

छतावर सोलर बसवलं की लाईट गेली तरी घरात उजेड राहणार, असं बरेच जण धरून चालतात. पण सूर्यघर योजनेत छतावर बसतं ते सोलर लाईनला जोडलेलं असतं. सोबत बॅटरी नसेल तर लाईन गेली की त्याचा इन्व्हर्टर मुद्दाम स्वतःला बंद करून घेतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसेल. म्हणजे भर दुपारी ऊन असतानाही घरातला पंखा बंदच. ज्यांचं बिल मोठं आहे त्यांना ती योजना फायद्याची आहे. ज्यांची अडचण बिलाची नसून गेलेल्या लाईटची आहे, त्यांना तिचा उपयोग नाही.

ही अडचण सगळ्यात जास्त शेतातल्या वस्त्यांना आहे. गावठाणाला वेगळा फीडर असतो, वस्ती मात्र शेतीपंपाच्या फीडरवर. बऱ्याच ठिकाणी एक आठवडा दिवसा आठ तास लाईट, पुढचा आठवडा रात्री, आणि वादळात तार तुटली तर वायरमन येईल तेव्हा. अशा घराने दुकानात चौकशी केली की दीडशे एएचची बॅटरी आणि वर इन्व्हर्टर गळ्यात मारला जातो. माझं मत स्पष्ट आहे: तीन बल्ब, एक पंखा आणि दोन मोबाईल एवढ्यासाठी इन्व्हर्टर घेऊच नये. तो बॅटरीतल्या बारा व्होल्टचे दोनशे तीस करतो, आणि एलईडी बल्ब किंवा मोबाईलचा चार्जर ते परत खाली आणतो. त्यात वीज जाते ती जातेच, शिवाय काहीही चालू नसताना इन्व्हर्टर स्वतःसाठी दहा-पंधरा वॅट ओढत बसतो. रात्रभरात तेवढ्यात अख्खा पंखा चालला असता.

त्यापेक्षा बॅटरी आणि कंट्रोलर एका पेटीत बसवून सगळं बारा व्होल्टवरच चालवा. कंट्रोलर म्हणजे पॅनलच्या विजेवर बॅटरी भरणारा आणि ती फार उतरली की बल्ब-पंखा बंद करणारा छोटा डबा. आधी गरज मांडू. स्वयंपाकघरात ७ वॅटचा बल्ब ३ तास, पडवीत ५ वॅटचा ३ तास, गोठ्यापाशी ३ वॅटचा ६ तास. झाले ५४ वॅट-तास. दोन मोबाईल पूर्ण चार्ज करायला साधारण ४०. बीएलडीसी मोटरचा १२ वॅटचा टेबल फॅन ६ तास म्हणजे ७२. बेरीज १६६, आणि वायर व कंट्रोलरमध्ये जाणारं धरून १८५ च्या आसपास.

बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटची घ्या, १२.८ व्होल्ट १८ एएच. तिच्यात २३० वॅट-तास मावतात आणि त्यातले पंच्याऐंशी टक्के रोज वापरले तरी चालतं. लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त वाटते, पण ती रोज निम्म्याच्या खाली उतरवली किंवा उतरलेल्या अवस्थेत आठवडाभर पडून राहिली की मरते. भंगारातून आणलेल्या यूपीएसच्या बॅटरीचं तर नावच नको.

एक गोष्ट मात्र दुकानातच बघून घ्या. 'बारा व्होल्ट लिथियम' म्हणून दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. लेबलवर 12.8V आणि LiFePO4 असेल तर ती आपल्याला हवी ती, तिचा चार्जर १४.६ व्होल्टचा असतो. 11.1V लिहिलेलं असेल तर आत लॅपटॉपच्या जातीचे तीन सेल आहेत, त्यांची मर्यादा १२.६ व्होल्टला संपते. तिला १४.४ व्होल्टवर चार्ज करणारा कंट्रोलर जोडला तर आतली संरक्षक सर्किट हाच एकमेव आधार उरतो, आणि स्वस्त मालात तिचाही भरवसा नाही. लेबलच नसेल तर बॅटरी परत ठेवून द्या.

पॅनल ४० वॅटची दोन, आणि तीही एकदम नकोत. बॅटरी सुरुवातीलाच पूर्ण घ्यावी, कारण जुन्या लिथियम बॅटरीला पुढे नवी जोडणं कटकटीचं असतं. पॅनलचं तसं नाही, त्याच जातीचं दुसरं पॅनल नंतर समांतर जोडता येतं. पीडब्ल्यूएम नावाच्या स्वस्त जातीच्या कंट्रोलरवर ४० वॅटचं पॅनल बॅटरीला प्रत्यक्षात २९ वॅटच्या आसपासच देतं, कारण पॅनल १८ व्होल्टचं असतं आणि बॅटरी त्याला तेराच्या आसपास खाली ओढते. साडेचार तास चांगलं ऊन धरलं आणि थोडी घट वजा केली तर दिवसाला ११५ वॅट-तास पदरात पडतात. बल्ब आणि मोबाईल त्यात बसतात. उन्हाळ्याच्या तोंडावर दुसरं पॅनल आणि पंखा घेतला की दुप्पट मिळतं आणि १८५ चा हिशोब जमतो. पावसाळ्यात ऊन दोन-अडीच तासांवर येतं, पण तेव्हा पंखाही फारसा लागत नाही. झड लागली तर १४.६ व्होल्टचा लिथियम चार्जर जवळ असू द्या. लाईन असेल त्या तासांत बॅटरी त्यावर भरून घ्यावी.

खर्च पहिल्या टप्प्यात साधारण सहा-सात हजार, दुसऱ्यात तीन हजारांच्या आसपास. दुकानागणिक फरक पडेल.

स्वस्तात मिळतंय म्हणून कुणाचं तरी काढलेलं अडीचशे वॅटचं मोठं पॅनल आणू नका. ते तीस व्होल्टचं असतं. पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर त्यातली निम्म्याहून जास्त वीज वाया जाते, आणि दहा अँपिअरचा लहान कंट्रोलर त्या व्होल्टेजसाठी बनवलेला असेलच असं नाही.

आता वायर. 'सोलर चालत नाही' या तक्रारीतला मोठा वाटा वायरचा असतो. पत्र्यावरच्या पॅनलपासून खालच्या पेटीपर्यंत आठ मीटर धरा, म्हणजे जाऊन-येऊन सोळा. दोन्ही पॅनलचा मिळून सव्वाचार-साडेचार अँपिअर करंट अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमधून गेला तर अर्धा व्होल्ट पडतो. अर्ध्या स्क्वेअर एमएमची बारीक वायर ओढली तर अडीच व्होल्टच्या वर. दोनशे तीस व्होल्टच्या लाईनवर अडीच व्होल्ट गेले तर कुणाला कळतही नाही, इथे तेवढ्यात खेळ संपतो. तापलेलं पॅनल मे महिन्यात अठराऐवजी पंधरा व्होल्टच देतं, त्यातून अडीच गेले की उरले साडेबारा, आणि बॅटरीला भरायला चौदाच्या वर लागतात. दुपारी बॅटरी चार्ज होत असताना मल्टिमीटरने पॅनलच्या टोकाला आणि कंट्रोलरच्या टोकाला व्होल्टेज मोजा. फरक पाऊण व्होल्टच्या वर असेल तर दोष वायरचा किंवा जोडाचा. जोड पिळून टेप मारलेला असेल तर आधी तोच बघा, एका पावसाळ्यात तो हिरवा पडतो.

कंट्रोलर बॅटरीला चिकटूनच बसवा, लांब वायर पॅनलच्या बाजूला राहू दे. बॅटरीच्या प्लसवर, वीतभर अंतराच्या आत, दहा अँपिअरचा फ्यूज हवाच. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी बल्ब-पंखा. काढताना याच्या उलट. कंट्रोलर बॅटरीवरून ओळखतो की यंत्रणा किती व्होल्टची आहे. आधी पॅनल जोडलं तर तो गोंधळतो, कधी जळतोही.

पॅनलचं तोंड दक्षिणेला. लांबीच्या दर फुटाला चार इंच उचल दिली की आपल्याकडच्या अक्षांशाला पुरेसा उतार होतो. पत्र्यावर सपाट आडवं टाकू नका, खालून वारा खेळू द्या. आणि सावली! एका कोपऱ्यावर शेवग्याच्या फांदीची सावली पडली तरी अख्ख्या पॅनलचा करंट घसरतो, कारण सगळे सेल एका साखळीत असतात.

पण सगळ्यात जास्त बॅटऱ्या 'मेल्या' म्हणून परत येतात त्या वेगळ्याच कारणाने. रात्री कंट्रोलर बॅटरी कमी झाली म्हणून पंखा बंद करतो. घरातलं कुणीतरी पंख्याची वायर काढून थेट बॅटरीला लावतं. पंखा पहाटेपर्यंत चालतो, आणि मग आतली संरक्षक सर्किट बॅटरी पूर्ण तोडते. सकाळी टोकांवर शून्य व्होल्ट. कंट्रोलरला बॅटरी दिसत नाही, म्हणून डोक्यावर ऊन असूनही तो चार्ज करत नाही. बॅटरी मेलेली नसते, झोपलेली असते. शून्यावरून सुरू होणारा १४.६ व्होल्टचा लिथियम चार्जर काही मिनिटं लावला की बहुतेक वेळा ती उठते. तो चार्जर नसेल तर दुकानात न्यावी, पण 'बदलून द्या' म्हणण्याआधी एवढं करून बघावं. मुळात ही वेळच येऊ नये म्हणून कंट्रोलरचा कट-ऑफ ११.८ ते १२ व्होल्टवर ठेवा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये तो कारखान्यातूनच १०.७ वर येतो. तो आकडा लेड-ॲसिडसाठीचा आहे, या बॅटरीत तोवर जवळपास काहीच उरत नाही.

आणखी एक धोका बल्बच्या होल्डरचा. बारा व्होल्टचे बल्ब बाजारात बहुतेक पिनच्या टोपीचेच मिळतात, घरातल्या नेहमीच्या बल्बसारखेच. पोरानं तो चुकून लाईनच्या होल्डरमध्ये बसवला आणि बटण दाबलं की बल्ब फुटतो. म्हणून बारा व्होल्टला सगळीकडे आट्यांचे होल्डर आणि आट्यांचेच बल्ब वापरा, म्हणजे चूक करायची म्हटली तरी होत नाही. तीन पिनचे सॉकेटही बारा व्होल्टसाठी वापरू नका, मोबाईलला गाडीत असतं तसलं चार्जिंग सॉकेट पुरतं.

हे सगळं प्रत्येक घराने स्वतः जुळवावं असं मी म्हणत नाही. तालुक्याच्या गावात मोटर वाइंडिंग करणारे आहेत, बचत गट आहेत. आयआयटी मुंबईने विद्यार्थ्यांसाठी सौरदिव्यांचा उपक्रम केला, तेव्हा दिवे गावातल्याच माणसांकडून जोडून घेतले आणि दुरुस्तीही तिथेच ठेवली. तसंच या पेटीचं करता येईल: आत बॅटरी, फ्यूज आणि कट-ऑफ आधीच १२ वर लावलेला कंट्रोलर, बाहेर आट्यांच्या होल्डरच्या तीन वायरी, पंख्याची एक, मोबाईलचं सॉकेट, आणि दुसऱ्या पॅनलसाठी सुरुवातीपासून मोकळी ठेवलेली जोडणीची जागा. बॅटरीची टोकं पेटीत बंद असावीत, पंखा थेट लावता येणार नाही अशी. फ्यूज मात्र बाहेरून बदलता यावा आणि दोन जादा फ्यूज झाकणाच्या आत चिकटवलेले असावेत, कारण फ्यूज हमखास रात्रीच उडतो आणि दुकान सात किलोमीटरवर असतं.