तत्काळ प्रभावाने

"दोन ओळींचं पत्रक तर काढायचंय," असं साहेब म्हणाले, तेव्हाच मी आजारपणाची रजा टाकायला हवी होती.

विषय साधा होता. दौऱ्याहून आलेल्या माणसाने प्रवासखर्चाची बिलं ३० दिवसांत द्यायची, नंतर दिली तर पैसे मिळणार नाहीत. तोवर याला मुदतच नव्हती. लोक आठवण झाली की बिलं देत, आणि आठवण खिसा रिकामा झाला की होई. एकदा लेखा विभागातल्या बाईंकडे कुणीतरी दहा महिन्यांपूर्वीची पावती दिली. छापलेली शाई उडून गेलेली, हातात नुसती कोरी पट्टी. "यात मी काय मंजूर करू, तुमच्यावरची श्रद्धा?" बाई म्हणाल्या.

आता एवढंच लिहायचं होतं. पण पत्रक लिहायला बसलो की माझ्या अंगात एक जुना मामलेदार संचारतो. त्याने लिहिलं:

"सर्व संबंधितांना याद्वारे कळविण्यात येते की, प्रशासकीय कारणास्तव, प्रवासखर्च प्रतिपूर्तीचे दावे ३० दिवसांच्या विहित मुदतीत सादर करणे तत्काळ प्रभावाने अनिवार्य करण्यात येत असून, मुदतबाह्य दावे विचारात घेतले जाणार नाहीत, याची नोंद घ्यावी."

साहेब वाचून म्हणाले, "वजन आहे." मी खूश. शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला ते सगळ्यांना पाठवलं आणि घरी निघून गेलो. शुक्रवारी संध्याकाळी पत्रक काढणाऱ्याला वाटतं, काम संपलं. वाचणाऱ्यांकडे मात्र तर्क लढवायला दोन अख्खे दिवस असतात आणि विचारायला समोर कुणी नसतं.

सोमवारी मी पोचलो तेव्हा 'प्रशासकीय कारणास्तव' या दोन शब्दांतून तीन कथा जन्मल्या होत्या. एक, कंपनीकडे पैसे उरलेले नाहीत. दोन, कुणीतरी खोटी बिलं लावताना सापडलाय, आणि तो कोण याबद्दल दोन नावं चर्चेत होती. तिसरी कथा माझ्याबद्दल होती, ती इथे नको. कारण लपवलं की लोक स्वतःच शोधून काढतात, आणि त्यांना सापडलेलं कारण खऱ्यापेक्षा कितीतरी रंगतदार असतं.

विभागप्रमुखांची अवस्था तर बघवत नव्हती. त्यांच्या माणसांनी त्यांना विचारलं, आणि त्यांना म्हणावं लागलं, "मलाही तुमच्याबरोबरच कळलं." हे वाक्य ज्याच्या तोंडून निघालं, तो त्या पत्रकाची बाजू घेणं शक्यच नाही. दुपारपर्यंत सगळे प्रमुख माझ्या टेबलाशी उभे, आणि प्रत्येकाच्या हातात पत्रकाची छापील प्रत. काहींनी लाल पेनाने 'विहित'खाली रेघ ओढलेली.

मग दौऱ्यांवर फिरणारे आमचे सगळ्यात जुने काका आले. त्यांनी शांतपणे विचारलं, "तीस दिवस कुठून मोजायचे?"

मी म्हणालो, "म्हणजे काय काका, बिलाच्या तारखेपासून."

"मी पंचेचाळीस दिवस बाहेर असतो. पहिल्या आठवड्याची बिलं मी परत येईपर्यंत बाद. म्हणजे दोन दिवस जाऊन येणाऱ्याला सगळे पैसे, आणि दीड महिना घराबाहेर राहणाऱ्याला अर्धवट. असंच ना?"

असंच होतं. 'ध'चा 'मा' करायला निदान कुणाला तरी अक्षर बदलावं लागतं. मी तर न लिहिलेल्या शब्दानेच काकांचा खिसा कापला होता.

पाठोपाठ 'तत्काळ प्रभावाने' अंगावर आलं. हा शब्दप्रयोग मला फार प्रिय होता. त्यात एक तडफ आहे. पण त्याचा अर्थ असा झाला की ज्यांची दोन-तीन महिन्यांपूर्वीची बिलं द्यायची राहिली होती, ती त्या क्षणी मेली. ज्या दिवशी खर्च केला त्या दिवशी नियम नव्हता, आणि आज नियम सांगतो की तुम्ही उशीर केलात. एका मुलीने विचारलं, "सर, मी गेल्या महिन्यात उशीर करत होते, हे मला तेव्हा कसं कळणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या खणातही अशी चार बिलं होती, पण ते मी बोललो नाही.

शेवटी मी लेखा विभागात गेलो आणि बाईंना विचारलं, की ही मुदत मुळात हवीच कशाला? हे मी पत्रक लिहिण्याआधी विचारायला हवं होतं, याची जाणीव बाईंनी नजरेनेच करून दिली. मग म्हणाल्या, "वर्षाचा हिशेब बंद केला की दिसतं, प्रवासाचे पैसे उरलेत. ते दुसरीकडे खर्च होतात. मग लोक मागच्या वर्षाची बिलं घेऊन येतात. ती मी या वर्षाच्या पैशांतून देते. मग या वर्षीचे दौरे कापले जातात. आणि ओरडा मला बसतो."

पाच-सहा वाक्यं. यात 'प्रशासकीय' कुठेच नव्हतं.

मी मामलेदाराला बाहेर बसवून नवीन पत्रक लिहिलं:

"दौऱ्याचा खर्च परत मिळण्याच्या नियमात बदल होतो आहे. दौऱ्यावरून परत आल्याच्या दिवसापासून ३० दिवसांत बिलं द्या. सुट्टीचे दिवसही यात मोजले जातील. त्यानंतर दिलेल्या बिलांचे पैसे मिळणार नाहीत. पुढच्या महिन्याच्या १ तारखेला किंवा त्यानंतर संपणाऱ्या दौऱ्यांना हा नियम लागू. त्याआधीच्या दौऱ्यांची बिलं राहिली असतील तर ती पुढचा पूर्ण महिना देता येतील. कारण असं : बिलं उशिरा आली की मागच्या वर्षाचा खर्च या वर्षाच्या पैशांतून जातो आणि या वर्षीचे दौरे कमी करावे लागतात. कुणी गैरप्रकार केला म्हणून हा नियम आलेला नाही. किती पैसे मिळतात, यात काहीही बदल नाही."

शेवटचं वाक्य मी आधी लिहिलंच नव्हतं. जे बदललं नाही ते कशाला सांगायचं? पण लोक आधी तेच शोधतात.

पाठवण्याआधी ते आमच्या शिपाईमामांना वाचायला दिलं. "कळलं का?" असं विचारलं नाही. तसं विचारलं की माणूस हो म्हणतो. शुक्रवारी साहेबही हो म्हणाले होते. मी म्हटलं, "मामा, समजा तुम्ही दौऱ्यावरून येत्या २८ तारखेला परत आलात. बिल कधीपर्यंत द्याल?"

मामांनी बोटांवर मोजलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "मी १ तारखेच्या आधी आलो. म्हणजे मला तीस दिवसांचं नाही. पुढचा महिना संपेपर्यंत." बरोबर! मी त्यांना मिठी मारायचा राहिलो.

या वेळी विभागप्रमुखांना आदल्या दिवशीच बोलावून सांगितलं, त्यांचे प्रश्न ऐकून घेतले. मंगळवारी सकाळी दहाला पत्रक गेलं, आणि मी दिवसभर खुर्ची सोडली नाही. अकरा वाजले, बारा वाजले. फोन नाही. काका जाता जाता अंगठा दाखवून गेले. मी मनातल्या मनात मामलेदाराला सेवानिवृत्तीचा नारळ दिला.

साडेबाराला त्या मुलीचं उत्तर आलं. "सर, आता सगळं स्पष्ट झालं. फक्त एक, शुक्रवारचं पत्रक रद्द आहे, की दोन्ही लागू?"

मी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवून वाचली. रद्द केल्याचं कुठेही लिहिलेलं नव्हतं. रीतसर, वजनदार आणि तत्काळ प्रभावाने, ते पहिलं अजून जिवंत होतं.