जुळवायच्या सह्या त्याच काळातल्या हव्या
"बाबांच्या मृत्युपत्रावरची सही बनावट वाटते. तज्ज्ञाला जुळवायला कोणत्या सह्या द्यायच्या?"

मृत्युपत्राच्या आसपासच्या, वादाआधीच्या आणि समोरच्यालाही मान्य असलेल्या. आमच्याकडच्या एका वावराच्या दाव्यात पोरानं वीस वर्षांपूर्वीच्या खरेदीखतावरची सही दिली. मृत्युपत्र मात्र म्हाताऱ्याला लकवा मारल्यानंतरचं! फरक दिसणारच, समोरच्या वकिलानं तेवढ्यावरच अहवाल मोडीत काढला. म्हणून सोसायटीचे पीककर्जाचे कागद, बँकेच्या विड्रॉल स्लिपा कोर्टामार्फत मागवा, अन् त्याही मूळच. झेरॉक्सवर पेनाचा दाब, मधेच उचललेला हात नीट कळत नाही. एखादी जुनी सही मृत्युपत्रावरच्या सहीवर तंतोतंत बसली, तर उलट संशय वाढवा. ती गिरवलेली असू शकते. बाकी तज्ज्ञाचं मत कोर्टावर बंधनकारक नसतं, त्यामुळे मृत्युपत्रावरच्या साक्षीदारांची उलटतपासणी वकिलाला कसून घ्यायला सांगा.