कोंडा प्रत्येक वेळी कोरडेपणाचा नसतो

कोंड्याविषयीचा एक संदेश सांगतो: «थंडी सुरू झाली की बेळगाव-खानापूरकडे कातडी कोरडी पडते आणि त्यामुळेच कोंडा होतो. शाम्पू पूर्ण बंद करा, रोज रात्री कोमट खोबरेल तेल जिरवा. महिन्याभरात कोंडा मुळापासून जाईल.»

कारणाविषयी. थंडीत डोक्याच्या त्वचेतून बारीक पांढरा भुगा सुटतो, हे निरीक्षण खरे आहे. मात्र सेबोऱ्हिक डर्मटायटिस हा तेलकट खपल्यांचा विकारही थंडीतच बळावतो, त्यामुळे ऋतूवरून निदान करता येत नाही. या विकारात त्वचेला तेल कमी पडलेले नसते. प्रत्येकाच्या अंगावर राहणारी मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, त्वचेतील तेलाचे विघटन करते आणि त्यातून निघणाऱ्या ओलेइक आम्लासारख्या पदार्थांमुळे काही जणांची त्वचा चिडते, लाल होते व तिच्या पेशी वेळेआधीच थराथराने सुटू लागतात. म्हणूनच हा विकार डोक्यापुरता राहत नाही. भुवया, नाकाच्या बाजूच्या घड्या, कानामागची जागा आणि दाढी या तेलकट भागांतही तो दिसतो.

घरी फरक ओळखायचा तर आधी दोन-तीन दिवस तेल थांबवावे, कारण तेल लावलेल्या डोक्यातला कोणताही कोंडा तेलकटच दिसतो. मग उजेडात भांग पाडून एक खपली बोटांत चुरडावी. कोरडेपणाचा कोंडा बारीक व पांढरा असतो, खांद्यावर आपोआप झडतो, खालची त्वचा लाल नसते आणि बहुधा नडग्याही फुटलेल्या असतात. सेबोऱ्हिक डर्मटायटिसची खपली पिवळसर व मोठी असते, बोटाला चिकटते आणि तिच्याखाली लाली दिसते. आमच्याकडे एक तिसरी शक्यताही ध्यानात ठेवावी लागते: बोअरच्या जड पाण्यात अंगाचा साबण डोक्याला लावला, तर त्याचा न धुतला जाणारा पांढरा थर केसांत राहतो आणि तोच कोंडा समजला जातो.

तेलाविषयी. चिकोडीकडचे तिशीतले एक शिक्षक हा संदेश वाचून बरेच दिवस नेमाने तेल लावत होते. औषधाच्या दुकानात ते मला म्हणाले, «तेल लावलं की दोन दिवस काही दिसतच नाही की हो, मग दुप्पट खाज सुटते.» तेलाने खपली भिजून डोक्याला चिकटून बसते, एवढाच त्या दोन दिवसांचा अर्थ. मॅलॅसेझियाला स्वतःसाठी लागणारी मेदाम्ले तयार करता येत नाहीत, ती बाहेरून मिळवावी लागतात. खोबरेल तेलात ती भरपूर असतात आणि रात्रभर तेल मुरवणे म्हणजे तिला ताट वाढून देणे. त्यांच्या भुवयांत लाली होती, कानामागे ओलसर पापुद्रे होते. निदानाला आणखी काही लागत नव्हते.

खपल्या फार जाड असतील, तर न्हाण्यापूर्वी तासभर तेल लावून त्या मऊ करायला हरकत नाही. पण ते त्याच वेळी पूर्ण धुऊन निघाले पाहिजे.

शाम्पू बंद करण्याविषयी. हा सल्ला सर्वांत नुकसानकारक आहे. शिक्षकांनी दोन टक्के किटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, असा चार आठवडे वापरला. अशा शाम्पूने गुण आला नाही असे सांगणारे बहुतेक जण तो केसांना फासून लगेच धुतात. केस ओले करून शाम्पू बोटांच्या पेरांनी थेट त्वचेला लावावा, तीन ते पाच मिनिटे तसाच ठेवावा आणि मग धुवावा. फेस भुवया व दाढीलाही लावता येतो, फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नये. झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइडचे शाम्पूही चालतात. खाज थांबावी म्हणून दुकानातून स्वतःच स्टेरॉइड मिसळलेले मलम घेऊन चेहऱ्याला लावणे मात्र टाळावे. त्याने त्वचा पातळ पडते.

कोरड्या डोक्याला हेच औषधी शाम्पू आणखी कोरडे करू शकतात. तिथे सौम्य शाम्पू आठवड्यातून एक-दोनदा, कढत नव्हे तर कोमट पाणी, आणि न्हाण्यापूर्वी अर्धा तास थोडे तेल, एवढे पुरते. संदेशातला तेलाचा भाग खरा ठरतो तो इथेच.

मुळापासून जाण्याविषयी. सेबोऱ्हिक डर्मटायटिस आटोक्यात येतो, पण पुन्हा उद्भवतो, कारण ती यीस्ट त्वचेवर कायमच राहते. म्हणून चार आठवड्यांनंतर तोच शाम्पू आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा चालू ठेवतात. महिनाभर नीट वापरूनही फरक पडला नाही, किंवा चंदेरी जाड थर केसांच्या कडेबाहेर कपाळावर आला आणि कोपर-गुडघ्यांवरही दिसू लागला, तर तो सोरायसिस असू शकतो, त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. शाळकरी मुलाच्या डोक्यात कोंड्यासह केस तुटलेला चट्टा दिसला, तर तो गजकर्णाचा असण्याची शक्यता असते. त्याला पोटातून औषध द्यावे लागते, नुसत्या शाम्पूने तो जात नाही.